कापसाच्या पट्टीचा फोटो आणि व्यापाऱ्यासोबतची लांब चॅट: मोबाइलमधून कागदावर कशी आणायची

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मी ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं दुकान चालवतो. मागच्या हंगामात शेजारचे काकाजी मोबाइल घेऊन आले. त्यांनी खेडा खरेदीत एका व्यापाऱ्याला दोन खेपा कापूस दिला होता. भाव, वजन, पैसे कधी देणार, सगळं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपवर झालं होतं. लाख रुपये मिळाले आणि बाकीच्या रकमेसाठी तीन महिने "उद्या देतो" चालू होतं. काकाजींना बाजार समितीत अर्ज द्यायचा होता. म्हणाले, "भाऊ, हे सारं बोलनं मले कागदावर पाह्यजे. अन् ह्या पट्टीवरचे आकडेबी अर्जात टाक."

म्हणजे कामं दोन होती. चॅट सलग चित्रात उतरवायची आणि काटापट्टीच्या फोटोतला मजकूर टाइप न करता उचलायचा. दोन्ही मोबाइलमध्येच होतात, पण अर्ज परत येण्याइतक्या चुकाही त्यातच होतात. त्या दिवशी केलं त्याच क्रमाने सांगतो.

आधी चॅट तयार करायची

लांब स्क्रीनशॉट घेताना फोन वरून खाली सरकत जातो. म्हणून जिथून बोलणं सुरू झालं तिथे आधी वर जावं लागतं. चॅटमधल्या शोध खुणेवर जाऊन "कापूस" किंवा "भाव" टाकलं की त्या जागी लवकर पोचता येतं. तिथून आणखी थोडं वर सरका, मधोमध तारखेची छोटी पट्टी दिसेपर्यंत. प्रत्येक संदेशाच्या कोपऱ्यात फक्त वेळ असते, तारीख त्या पट्टीतच असते. ती चित्रात आली नाही तर "सकाळी १०:४२" कोणत्या दिवशीची, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

इथे एक अडचण आहे. गेल्या आठवड्याभरातले संदेश असतील तर त्या पट्टीत तारीख न येता "आज", "काल" किंवा वाराचं नाव येतं. महिन्याभराने तो स्क्रीनशॉट कोणी पाहिला तर "सोमवार" म्हणजे कोणता सोमवार? ताजं बोलणं असेल तर महत्त्वाचा संदेश दाबून धरा आणि त्याची माहिती उघडा. ही सोय आपण पाठवलेल्या संदेशांना असते आणि तिथे पोचल्याची व वाचल्याची वेळ दिसते. त्या पानाचाही साधा स्क्रीनशॉट काढून ठेवा. समोरच्याने पाठवलेल्या संदेशांच्या तारखांसाठी दुसरा मार्ग आहे, तो पुढे येतो.

मग संपूर्ण चॅट एकदा हाताने खालपर्यंत सरकवत न्या. वाटेत दोन गोष्टी करा. लांब संदेश व्हॉट्सअ‍ॅप अर्धाच दाखवतं आणि खाली `Read more` लिहिलेलं असतं. त्यावर दाबून संदेश पूर्ण उघडा, नाहीतर चित्रातही अर्धाच येईल. काकाजींच्या व्यापाऱ्याने सगळ्या हिशेबाचा एकच मोठा संदेश टाकला होता आणि नेमकी रकमेची ओळ खाली दडली होती. दुसरं, फोटो डाउनलोड झालेले नसतील तर ते आत्ताच करा. धूसर चौकोनाचा स्क्रीनशॉट धूसरच येतो.

आता विमान मोड चालू करा. फोन सरकत असताना मध्येच कुठल्या तरी ग्रुपवरची सूचना वरून खाली आली किंवा त्याच चॅटमध्ये नवा संदेश पडला तर चित्राचा सांधा चुकतो.

लांब स्क्रीनशॉट

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सुरुवात सारखी आहे. पॉवरचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकदम दाबा. रेडमी, रिअलमी, ओप्पो आणि विवोच्या बऱ्याच फोनमध्ये तीन बोटं पडद्यावरून खाली ओढली तरी चालतं. साधा स्क्रीनशॉट निघतो आणि कोपऱ्यात किंवा खाली त्याची लहान प्रतिमा तीन-चार सेकंद दिसते. लांब स्क्रीनशॉटचा दरवाजा तेवढाच वेळ उघडा असतो. पहिल्यांदा करणाऱ्याचा गोंधळ इथेच होतो. ती प्रतिमा निघून गेली की परत पहिल्यापासून.

सॅमसंगमध्ये त्या वेळी खाली जाणाऱ्या दुहेरी बाणाची खूण दिसते. ती एकेकदा दाबली की एकेक पडदा जोडला जातो, दाबून धरली तर फोन आपणहून सरकत राहतो. रेडमीत `Scroll` दिसतं, ते दाबल्यावर फोन स्वतः चालू लागतो आणि `Done` दाबेपर्यंत थांबत नाही. मोटोरोला, पिक्सेल अशा फोनमध्ये `Capture more` येतं आणि मग आपण कडा ओढून किती भाग हवा ते ठरवतो. ही सोय अँड्रॉइडमध्येच २०२१ च्या बाराव्या आवृत्तीपासून आहे. त्याआधीच्या फोनमध्ये कंपनीने स्वतःची दिली असेल तरच मिळते. विवोत `Long screenshot` शोधा. शब्द आवृत्तीप्रमाणे थोडे इकडेतिकडे होतात, पण जागा तीच, स्क्रीनशॉट काढल्यानंतरची ती लहान प्रतिमा.

फोन आपणहून सरकत चित्र जोडतो तेव्हा काय करतो ते समजून घेतलं तर चुका पकडणं सोपं जातं. तो थोडा सरकतो, चित्र घेतो, पुन्हा सरकतो आणि आधीच्या चित्राची खालची बाजू नव्या चित्राच्या वरच्या बाजूशी जुळवून चिकटवतो. दोन जागा सारख्या दिसल्या तर तो फसतो. काकाजींच्या चॅटमध्ये "हो", "हो", "बरं" असे लहान संदेश एकाखाली एक होते. पहिल्या प्रयत्नात त्यातला एक "हो" गायब झाला आणि पुढे एक संदेश दोनदा आला. भांडणाच्या कागदात हे चालत नाही. समोरचा म्हणणार, तुम्ही जोडतोड केली.

म्हणून मी एका दमात पूर्ण चॅट घेत नाही. तीन-चार पडदे झाले की थांबायचं, आणि पुढचा स्क्रीनशॉट आधीच्यातले शेवटचे दोन संदेश पुन्हा येतील अशा जागेवरून सुरू करायचा. त्या दोन संदेशांमुळे कोणीही सलगपणा पडताळू शकतो. काकाजींची चॅट अशा सहा तुकड्यांत बसली. प्रत्येक तुकडा काढला की लगेच गॅलरीत मोठा करून वेळा वाचत खाली यायचं. वेळ कुठेही मागे गेली नाही आणि एकच संदेश दोनदा आला नाही, तर सांधा बरोबर आहे.

तुकडे करण्याचं दुसरं कारण छपाई. साधारण फोनच्या पडद्याची रुंदी १०८० पिक्सेल असते. तेवढी रुंदी ए-फोर कागदभर पसरली तर एका पानात जेमतेम १,५०० पिक्सेल उंची मावते. चौदा हजार पिक्सेल उंचीचं चित्र एकाच पानावर छापायला दिलं तर प्रिंटर ते दोन-अडीच सेंटीमीटर रुंदीची पट्टी करून देतो, अक्षर भिंगातूनही दिसत नाही. म्हणून छापण्याआधी गॅलरीत कापून पानापानाचे भाग करा. काप दोन संदेशांच्या मधल्या मोकळ्या जागेत द्या, ओळीतून देऊ नका.

एक गोष्ट मीही आधी विसरत होतो. चॅटच्या माथ्यावर समोरच्याचं नाव आपण सेव्ह केलं तसं येतं, नंबर येत नाही. काकाजींनी "कापूस वाले शेठ" म्हणून ठेवलं होतं. अर्ज वाचणाऱ्याला हे शेठ कोण? नावावर दाबून माहितीचं पान उघडा, तिथे नंबर दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट पहिलं पान म्हणून लावा.

चॅटची मजकूर फाइल

तारखांचा प्रश्न सोडवणारा मार्ग हाच. इंटरनेट परत चालू करा, चॅटमधल्या तीन टिंबांवर जा, `More`, मग `Export chat`, मग `Without media` आणि ती स्वतःच्या ईमेलवर पाठवा. एक मजकूर फाइल मिळते. त्यात प्रत्येक संदेशापुढे पूर्ण तारीख, वेळ आणि नाव असतं. वार नाही, अर्धे संदेश नाहीत. मोठ्या चॅटचे सगळ्यात अलीकडचे संदेशच त्यात येतात, पण फोटोशिवाय काढली तर ही मर्यादा ४०,००० संदेशांची आहे, शेतमालाच्या व्यवहाराला ती पुरून उरते.

ही फाइल कोणीही उघडून बदलू शकतो, म्हणून नुसती तिच्यावर विसंबू नका. मी स्क्रीनशॉट पुढे ठेवतो आणि तारखांसाठी ही फाइल मागे जोडतो. दोन्हींतल्या वेळा एकमेकींशी जुळतात. आणि मूळ चॅट फोनमधून अजिबात पुसू नका, फोनही विकू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि तेव्हा मूळ फोन हाताशी असलेला बरा. त्याचं वकिलाकडून समजून घ्या.

चॅटमध्ये आपोआप पुसले जाणारे संदेश चालू असतील तर मात्र आजच बसा. आणि आवाजी संदेश स्क्रीनशॉटमध्ये फक्त एक रेघ म्हणून दिसतात. आपल्याकडे अर्धं बोलणं आवाजीच असतं. ते एकेक दाबून धरून स्वतःच्या ईमेलवर पाठवा आणि त्यात काय म्हटलं आहे ते कागदावर तारखेसह लिहून काढा.

पट्टीच्या फोटोतले आकडे

आता दुसरं काम. काकाजींच्या फोनमध्ये दोन पट्ट्यांचे फोटो होते, संगणकावर मराठीत छापलेल्या, एक थोडी चुरगळलेली. कागद हातात असेल तर फोटो नव्यानेच काढा. कागद सपाट पाटावर ठेवा, ओसरीत, थेट ऊन पडणार नाही अशा उजेडात. फोन कागदाच्या बरोबर वर धरा, तिरका नको, आणि स्वतःची सावली पडू देऊ नका. तिरक्या फोटोत ओळी वर चढतात आणि एका ओळीतला आकडा दुसऱ्या ओळीत वाचला जातो. मग फोटो कापून फक्त छापील भाग ठेवा, बाजूचा पाट, सतरंजी काही नको. कापल्यावर फाइल लहान होते, त्यामुळे गावातल्या रेंजमध्येही काम लवकर उरकतं.

गूगल फोटोज अ‍ॅपमध्ये तो फोटो उघडा आणि खालची `Lens` ही खूण दाबा. गूगलच्या शोधपट्टीतल्या कॅमेऱ्याच्या खुणेवरूनही गॅलरीतला फोटो निवडता येतो. मजकुरावर बोट दाबून धरलं की निवड सुरू होते. सगळा हवा असेल तर `Select all`, मग `Copy text`. पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा किंवा नोट्समध्ये चिकटवा. मराठी छापील अक्षरं लेन्स बरीच चांगली वाचतं. हाताने लिहिलेलं असेल तर भरवसा ठेवू नका, ते सरळ टाइप करा, वेळ कमी लागेल.

पट्टीत रकाने असतील तर `Select all` करू नका. लेन्स कधी आडव्या ओळीने वाचतं, कधी एक रकाना पूर्ण वाचून दुसऱ्यावर जातं, आणि वजनासमोर भलताच आकडा येतो. एकेका रकान्यावर बोट ओढून वेगळा कॉपी करा.

खरी अडचण आकड्यांत आहे. देवनागरी ४ आणि इंग्रजी 8 यांच्या आकारात फार फरक नाही. तसाच देवनागरी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि ५ इंग्रजी 4 सारखा. वाचणारं यंत्र मध्येच इंग्रजी अंक समजून बसतं. काकाजींच्या पहिल्या पट्टीवर निव्वळ वजन १,२४० किलो होतं. लेन्सने दिलं १,२8०. ओळीत पाहिलं तर डोळ्याला ते बरोबरच वाटलं, कारण मराठी आकड्यांच्या मधोमध बसलेला इंग्रजी आठ चारच दिसतो. अर्जात टाइप करताना मात्र मी तो आठ म्हणूनच वाचला आणि आकडा बाराशे ऐंशी झाला.

चूक सापडली ती हिशेबामुळे. पट्टीवर तीन वजनं असतात: भरलेली गाडी, रिकामी गाडी आणि निव्वळ. भरलेली २,८९०, रिकामी १,६५०. वजा केलं तर १,२४० यायला हवेत, १,२८० नाही. मग भावाने गुणून पाहिलं. १२.४० क्विंटल, भाव ७,१०० रुपये, रक्कम ८८,०४०. पट्टीवरही तेवढीच होती. दुसरी पट्टी ८६५ किलोची, म्हणजे ८.६५ क्विंटल आणि ६१,४१५ रुपये. दोन्ही मिळून १,४९,४५५. त्यातून मिळालेले लाख वजा, बाकी ४९,४५५. व्यापाऱ्याने चॅटमध्ये पाठवलेल्या मोठ्या संदेशातही शेवटी हीच बाकी लिहिली होती. बाराशे ऐंशी तसाच राहिला असता तर अर्जातली रक्कम त्याच्या स्वतःच्या कबुलीपेक्षा २,८४० रुपयांनी जास्त झाली असती, आणि तेवढ्या एका आकड्यावर सगळा अर्ज खोटा ठरवायला त्याला जागा मिळाली असती.

म्हणून फोटोतून उचललेला कोणताही आकडा तसाच अर्जात जाऊ देऊ नका. जिथे बेरीज, वजाबाकी, गुणाकार करून पाहता येतो तिथे करा. गट नंबर किंवा खाते क्रमांकासारखा आकडा असेल, ज्याचा हिशेब जुळवता येत नाही, तिथे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने पडद्यावर बोट ठेवून पाहायचं.

अक्षरांतही ठरलेल्या जागी घोळ होतो. घ-ध, भ-म, ब-व, थ-य या जोड्या पाहा. अनुस्वार गळतो, ख चा "रव" होतो. "शेतकऱ्याचे", "वऱ्हाड" अशा शब्दांतला अर्धा र तर हमखास बिघडतो. नाव-आडनाव आणि गावाचं नाव मात्र कागदाशी अक्षर-अक्षर ताडून पाहा.

आपल्याकडे आणखी एक प्रकार नेहमी होतो. एखादं जुनं परिपत्रक पीडीएफमध्ये असतं, अक्षरं स्वच्छ दिसतात, कॉपीही होतं, पण चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी निघते. त्या फाइलमध्ये युनिकोड नसतं, श्रीलिपी किंवा कृतीदेवसारखा जुना फॉन्ट असतो, आणि तो इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतो. अशा वेळी कॉपीचा नाद सोडा. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा आणि त्यावर लेन्स चालवा. लेन्स आकार वाचतं, आतला संकेत नाही, त्यामुळे मजकूर नीट मिळतो.

चार-पाच पानांचं पत्र असेल तर संगणकावरून गूगल ड्राइव्ह सोपं पडतं. फोटो ड्राइव्हवर चढवा, त्यावर उजवी क्लिक करून `Open with`, मग `Google Docs`. नव्या फाइलमध्ये वर फोटो आणि खाली त्याचा मजकूर येतो, त्यामुळे ताडून पाहणंही तिथल्या तिथे होतं. फाइल दोन एमबीच्या आत आणि फोटो सरळ उभा हवा. मोबाइलचा फोटो बहुतेक मोठा असतो, तो पडद्यावर उघडून त्याचाच स्क्रीनशॉट घेतला तर सहसा त्या मापात बसतो.

वेबसाइटचं लांब पान

काकाजींना बाजारभावाचं एक पानही जोडायचं होतं. वेबपानासाठी मी लांब स्क्रीनशॉट शेवटचा पर्याय मानतो. क्रोममध्ये तीन टिंबं, `Share`, मग `Print`, आणि प्रिंटरच्या जागी `Save as PDF`. पानं आपोआप पडतात आणि मजकूर मजकूरच राहतो, शोधता येतो, कॉपी करता येतो. छपाईच्या रूपात तक्ता मोडत असेल तरच स्क्रीनशॉट घ्या. त्याआधी पान तळापर्यंत एकदा सरकवून परत वर या, कारण बरीच पानं खालची चित्रं आपण तिथे पोचल्यावरच आणतात. काही पानांची वरची पट्टी जागची हलत नाही, ती लांब चित्रात दर पडद्याला पुन्हा पुन्हा छापून येते आणि खालची ओळ झाकते. तशी दिसली तर लहान तुकडे घ्या. क्रोमच्या गुप्त टॅबमध्ये स्क्रीनशॉट निघत नाही, आणि बँकेची अ‍ॅप्सही बहुधा तो अडवतात. त्यांच्याकडून खातेउतारा पीडीएफमध्येच मागवा.

पाठवताना

सगळं जमलं, काकाजींनी सहाही तुकडे दुकानाच्या नंबरवर पाठवले, आणि माझ्याकडे उघडले तर अक्षरं विरघळलेली. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप चित्र लहान करतं, आणि चित्र जितकं उंच तितकी अक्षरं जास्त चिरडली जातात. जोडणीच्या पिनवर जाऊन `Document` निवडा आणि तिथून चित्राची फाइल पाठवा, म्हणजे ती जशीच्या तशी पोचते. आम्ही पुन्हा तसंच पाठवलं. आलेल्या फाइलमधला शेवटचा संदेश मोठा करून काकाजींना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून वेळेसकट वाचला, मग मी प्रिंट दिली. माहितीच्या पानापासून दोन्ही पट्ट्यांपर्यंत एकोणीस पानं झाली. प्रत्येकावर पान नंबर टाकला आणि खाली काकाजींची सही घेतली.